मराठी-हिंदी बातमीपत्र आणि पूरमदत: ‘बांध’, ‘मंडळ’ आणि मृतांचा आकडा कसा लिहावा?

मंजिरी_धाराशिव

नमस्कार. मी धाराशिव येथील एका स्थानिक वाहिनीच्या डेस्कवर दीड वर्षापासून काम करते. आमचे सायंकाळी सातचे बातमीपत्र मराठीत असते आणि त्याच बातम्या साडेसातला हिंदीत जातात. हिंदी बातमीपत्र महाराष्ट्राबाहेरही दिसते. दोन्ही संहिता मीच लिहिते, म्हणजे आधी मराठी लिहून घेते आणि मग त्यावरून हिंदी करते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती अजून मनातून जात नाही. परंडा तालुक्यातील बातमीदाराने फोनवर सांगितले होते की सीनेकाठच्या शेतांचे बांध फुटले आहेत. मी हिंदीत ‘खेतों के बाँध टूटे’ असे लिहिले. खालच्या पट्टीत जागा कमी म्हणून कोणीतरी ‘खेतों के’ हे शब्द काढले आणि ‘परंडा में बाँध टूटा’ एवढेच पडद्यावर फिरू लागले. हिंदीत ‘बाँध’ म्हणजे धरण, आणि त्याच तालुक्यात सीना-कोळेगाव धरण आहे. पट्टी बारा मिनिटे चालली. तेवढ्यात नदीच्या खालच्या अंगाच्या गावांतून फोन सुरू झाले आणि एका बाईने विचारले की लेकरांना घेऊन आत्ताच निघू की सकाळपर्यंत थांबू.

यंदा पावसाळ्याआधी मी सरावासाठी एक संहिता लिहिली आहे. त्यातील आकडे आणि विधाने मनाने घातलेली आहेत, ती कोणत्याही खऱ्या घटनेची नाहीत. कृपया ती तपासावी.

मराठी: ‘धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टीचा कहर सुरूच असून आज १८ मंडळांत अतिवृष्टी झाली. पुराने आतापर्यंत १४ जणांचा बळी घेतला असून ४० दगावली आहेत. वाशी आणि कळंब तालुक्यांत शेतांचे बांध वाहून गेले. नुकसानग्रस्त शेतकऱ्यांना मदत मंजूर झाल्याचे पालकमंत्र्यांनी सांगितले.’

हिंदी: ‘धाराशिव ज़िले के 18 मंडलों में आज अति भारी बारिश हुई। बाढ़ अब तक 14 लोगों की जान ले चुकी है, 40 मवेशी मारे गए। वाशी और कलंब में खेतों की मेड़ें बह गईं। पालक मंत्री ने बताया कि किसानों के लिए मदद मंज़ूर हो गई है।’

भाषाव्रती

मंजिरीताई, ‘मेड़’ हा शब्द आपण आता योग्य वापरला आहे. माझे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की ‘कहर’ आणि ‘बळी घेतला’ ही भाषा बातमीपत्रात नसावी. मृत्यू झाला एवढे म्हटले की पुरते. ‘४० दगावली’ या वाक्यात कर्ताच राहिला आहे. निवेदिका ‘१४ जणांचा बळी’ नंतर श्वास घेईल आणि ‘४० दगावली’ हे माणसांबद्दलच आहे असे अर्ध्या घरांत ऐकू जाईल.

दुसरा आक्षेप हिंदीवर आहे. ‘अतिवृष्टी’ हा संस्कृत शब्द दोन्ही भाषांत आहे, मग ‘अति भारी बारिश’ असे वेगळे लिहिण्याचे कारण काय? संस्कृतमधून आलेला शब्द आहे तसा ठेवला की अर्थ बदलत नाही. स्थळनामांचेही तेच. ‘कलंब’ न लिहिता हिंदीतही ‘कळंब’ असेच लिहावे, कारण नाव हे नाव असते.

जुना_डेस्क

‘कहर’ आणि ‘दगावली’ यांबाबत भाषाव्रतींशी मी पूर्ण सहमत आहे. ‘संस्कृत शब्द तसाच ठेवा’ हा सल्ला मात्र पूरबातमीत धोक्याचा आहे, कारण याच शब्दांनी डेस्कवर सर्वाधिक घोटाळे केले आहेत. आपण ज्याला आपत्ती म्हणतो त्याला हिंदीत आपदा म्हणतात, आणि हिंदीतील ‘आपत्ति’ म्हणजे हरकत. ‘आपत्ती विभागाची सूचना’ याचे ‘विभाग की आपत्ति’ झालेले मी स्वतः एका संहितेत कापले आहे. ‘स्थलांतर’ हिंदीत ‘स्थानांतरण’ म्हणून गेले, तर गावकऱ्यांची बदली झाली असा अर्थ होतो. तिथे ‘सुरक्षित जगह पहुँचाया गया’ असे साधे वाक्य लिहावे.

आता संहितेतील खरी चूक पाहू. महसूल खात्याच्या भाषेत एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी ठरते. हवामान विभागाच्या वर्गवारीत मात्र ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर हा ‘भारी’ पाऊस आहे, ११५.६ पासून पुढे ‘बहुत भारी’ सुरू होतो आणि २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत भारी’. म्हणजे ७० मिलिमीटर पाऊस झालेले मंडळ आपल्याकडे अतिवृष्टीचे असते. आपण ‘अति भारी’ लिहिले की हिंदी प्रेक्षक ते एक पायरी वरचे समजतो, आणि नुसते ‘अतिवृष्टि’ लिहिले तर तो आणखी भलतीच कल्पना करतो. माझा उपाय असा की हिंदीत विशेषण टाळून आकडा द्यावा: ‘18 राजस्व मंडलों में चौबीस घंटे में 65 मिलीमीटर से ज़्यादा बारिश दर्ज हुई’.

‘राजस्व’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. आपले मंडळ म्हणजे काही गावांचा गट. उत्तर प्रदेशात ‘मंडल’ म्हणजे अनेक जिल्ह्यांचा विभाग, ज्याला आपण छत्रपती संभाजीनगर विभाग म्हणतो तसा. ‘18 मंडलों में’ ऐकून लखनौकडील माणसाला अर्धा देश पाण्याखाली गेल्यासारखे वाटेल. जमल्यास एका मोठ्या गावाचे नाव घेऊन ‘और आसपास के गाँव’ असे लिहावे, ते अधिक बरे.

मांजराकाठ

मी महसूल खात्यात मंडळ अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. ‘आज १८ मंडळांत अतिवृष्टी झाली’ या वाक्यातील ‘आज’ तपासावा. पर्जन्याचा अहवाल सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा असतो. सायंकाळी सातला आपण जो आकडा वाचता, त्यातील बहुतेक पाऊस काल दिवसा आणि रात्री पडलेला असतो. दुपारनंतर एखाद्या गावात धो धो पाऊस झाला असेल तर तो या आकड्यात नाहीच, तो उद्या येईल. प्रेक्षक मात्र खिडकीबाहेर पाहून ‘आज’ या शब्दाची पडताळणी करतो आणि मग वाहिनी खोटे सांगते असे म्हणतो.

आणखी एक. अमुक मंडळ अतिवृष्टीचे ठरले म्हणजे त्यातील प्रत्येक गावात तेवढा पाऊस झाला असेही नव्हे. पर्जन्यमापक एका ठिकाणी असतो आणि आकडा त्या जागेचा असतो.

मंजिरी_धाराशिव

काका, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मी ‘आज सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत’ असे लिहीन. वाक्य लांबते, पण पहिल्याच वाक्यात एकदा सांगितले की पुढे पुन्हा सांगावे लागणार नाही.

सोयाबीन_भूम

ताई, मदत मंजूर झाली असे तुम्ही लिहिले आहे, ती कोणत्या मंडळांना मंजूर झाली? २०२५ च्या सप्टेंबरच्या पुरात माझी अडीच एकर खरडून गेली. सोयाबीन तर गेलेच, खालची काळी मातीही गेली आणि नुसता मुरूम वर आला. बांध म्हणाल तर माझ्या आजोबांनी घातलेला ताल होता, त्याचे दगड दोन शेते पलीकडे सापडले. टीव्हीवर मदत मंजूर झाल्याचे ऐकून मी त्याच आठवड्यात दोनदा बँकेत गेलो. मॅनेजर म्हणाले की तुमच्या यादीचा आमच्याकडे पत्ताच नाही. तलाठ्याने सांगितले की अजून पंचनाम्याची यादीच वर गेलेली नाही.

मंजिरी_धाराशिव

दादा, क्षमा करा. वरील संहिता सरावाची आहे, त्यातील मदतीची घोषणा खरी नाही. हे मी सुरुवातीला लिहिले होते, तरी ते वाक्य वाचून तुम्हाला आशा वाटली याचे मला वाईट वाटते.

जुना_डेस्क

सोयाबीन_भूम यांचा अनुभव हाच या संहितेच्या शेवटच्या वाक्यावरील आक्षेप आहे. मदतीची बातमी किमान चार टप्प्यांतून जाते. आधी मंत्री किंवा अधिकारी आश्वासन देतात. मग पंचनामे होऊन जिल्हाधिकारी कार्यालयाकडून निधीची मागणी वर जाते. त्यानंतर शासन निर्णय निघतो आणि त्या कागदावर जिल्हा, बाधित क्षेत्र आणि रक्कम असते. सर्वांत शेवटी पैसे खात्यात जमा होतात, आणि त्याआधी याद्या लागणे, विशिष्ट क्रमांक मिळणे, ई-केवायसी होणे हे सारे असते. ‘मंजूर’ हा शब्द फक्त शासन निर्णय हाती असेल तेव्हाच वापरावा. त्याआधी ‘मदत देण्याचे आश्वासन दिले’ किंवा ‘मागणी पाठवली’, आणि नंतर ‘वितरण सुरू झाले’ असे लिहावे. हिंदीत आश्वासनाला ‘भरोसा दिया’, शासन निर्णयाला ‘मंज़ूरी मिली’ आणि शेवटच्या टप्प्याला ‘खातों में पहुँचनी शुरू हुई’ असे तीन वेगळे शब्दप्रयोग ठरवून ठेवावेत, म्हणजे घाईत एकाच्या जागी दुसरा जात नाही.

अधिकाऱ्याच्या वाक्यातील लहान शब्दांकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. ‘एकही पात्र शेतकरी मदतीपासून वंचित राहणार नाही’ असे वाक्य नेहमी येते. त्याचे हिंदी ‘हर किसान को मदद मिलेगी’ असे केले की ‘पात्र’ गळतो आणि अधिकाऱ्याने न दिलेले वचन आपण त्याच्या तोंडी घालतो. ‘प्राथमिक अंदाजानुसार’, ‘निकषांनुसार’ आणि ‘पंचनाम्यानंतर’ या शब्दांचेही तसेच. जागा वाचवण्यासाठी नेमके हेच शब्द कापले जातात. कापायचेच असेल तर मंत्र्यांच्या दौऱ्याचे वर्णन कापावे.

भाषाव्रती

‘अतिवृष्टी’बाबतची चूक मला मान्य आहे, आकडा देणे अधिक चांगले. पण ‘ओला दुष्काळ’ या शब्दाचे हिंदीत काय करावे? ‘गीला सूखा’ असे लिहिलेले मी वाचले आहे आणि ते वाचवत नाही.

जुना_डेस्क

तो शब्द शेतकऱ्यांच्या आणि पक्षांच्या मागणीचा आहे, सरकारी निकषांत त्या नावाची वर्गवारी नाही. म्हणून मराठीतही तो नेहमी मागणी करणाऱ्याच्या तोंडीच ठेवावा: ‘ओला दुष्काळ जाहीर करण्याची मागणी संघटनेने केली’. हिंदीत शब्द न देता आशय द्यावा, म्हणजे अतिवृष्टीने बुडालेल्या भागाला दुष्काळाप्रमाणे सवलती द्याव्यात अशी मागणी आहे, असे लिहावे.

मांजराकाठ

स्थळनामांवर कोणी बोलले नाही. हिंदीतील ‘वाशी’ ऐकून नवी मुंबईच आठवणार. आपल्या वाशीचे नाव जिल्ह्याशिवाय कधीही घेऊ नये. कळंब यवतमाळ जिल्ह्यातही आहे. आष्टी बीडमध्ये आहे आणि वर्ध्यातही. सेलू परभणीत आहे आणि वर्ध्यातही. शिरूरचा गोंधळ तर विचारूच नये: बीडचे शिरूर कासार, लातूरचे शिरूर अनंतपाळ आणि पुण्याचे नुसते शिरूर. नांदेडचे भोकर आणि जालन्याचे भोकरदन यांतही फोनवर ऐकताना चूक होते.

जुना_डेस्क

काकांच्या यादीला मी एकच जोड देतो. ‘औरंगाबाद’ बिहारमध्येही आहे. शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले, त्यामुळे बातमीपत्रात ‘छत्रपति संभाजीनगर’ हेच लिहावे. हिंदी प्रेक्षकासाठी पहिल्या उल्लेखात ‘महाराष्ट्र के’ जोडावे. जुने नाव सांगावेसे वाटलेच तर ‘जो पहले औरंगाबाद कहलाता था’ असे पूर्ण वाक्य निवेदकाने वाचावे, पट्टीत जुने नाव एकटे कधीही टाकू नये.

‘ळ’विषयी भाषाव्रतींचे मन मला समजते, पण प्रॉम्प्टरवर ‘कळंब’ दिसले की हिंदी निवेदक अडखळतो आणि पुढचा आकडा चुकतो. पडद्यावरील पाटीत ‘कळंब’ ठेवावे आणि प्रॉम्प्टरवर ‘कलंब’ लिहावे, असे आम्ही करत होतो. नांदेड आणि बीड यांना हिंदी प्रॉम्प्टरवर खाली नुक्ता द्यावा, ‘नांदेड़’, ‘बीड़’, कारण आपला उच्चार त्यालाच जवळचा आहे.

भाषाव्रती

पाटीत एक आणि वाचनात दुसरे, हे मला अजूनही पटत नाही. निवेदकाला ‘ळ’ शिकवता येतो.

मंजिरी_धाराशिव

स्थळनामे मी सुधारते. आता मृतांच्या आकड्याबद्दल विचारते, कारण मला सर्वाधिक भीती त्याचीच वाटते. सरावात १४ हा आकडा मी असा काढला: विभागीय अहवालात ११ मृत्यू, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाने सांगितलेले ३, म्हणून एकूण १४. शिवाय बातमीदार म्हणतो की ५ जण गेले.

मांजराकाठ

ही बेरीज करताच येत नाही. विभागीय अहवाल बहुधा १ जूनपासूनचा असतो, त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे असतात आणि वीज पडून झालेले मृत्यूही त्यातच असतात. जिल्ह्याचे ३ हे या पुराचे असतील तर ते त्या ११ मध्ये आधीच आलेले असण्याची शक्यता आहे. अहवालाच्या डोक्यावरील ओळ वाचावी, त्यात ‘दिनांक अमुकपासून अमुकपर्यंत’ असे लिहिलेले असते. बातमीदाराचे ५ कुठून आले हेही विचारावे. माझा अंदाज असा की त्यात वाहून गेलेले दोघे धरले आहेत.

जुना_डेस्क

अगदी तसेच होते. वाहून गेलेला माणूस सापडेपर्यंत बेपत्ताच असतो. गावात सर्वांना खात्री असते, घरी रडारड सुरू झालेली असते, बातमीदारही गलबललेला असतो, तरीही संहितेत ‘बेपत्ता’च लिहावे. तो माणूस चार तासांनी एखाद्या झाडावर जिवंत सापडल्याचे मी डेस्कवर अनुभवले आहे, आणि त्या दिवशी आमच्या आधी ज्यांनी त्याला मृत म्हटले होते, त्यांना त्याच्या आईला उत्तर द्यावे लागले. मृतांच्या वारसांना मिळणारी ४ लाखांची मदतही मृत्यूची नोंद झाल्यावरच मिळते, म्हणून घाईच्या आकड्याने त्या घराचेही काही भले होत नाही.

मंजिरीताई, आपली मूळ पद्धतच बदलावी असे मी सुचवतो. मराठी संहितेवरून हिंदी करू नये. आधी एका कागदावर तथ्ये उतरवावीत: आकडा, तो कोणी दिला, कोणत्या क्षेत्राचा, कोणत्या मुदतीचा, किती वाजता मिळाला. मग त्याच कागदावरून दोन्ही संहिता स्वतंत्र लिहाव्यात. मराठीवरून हिंदी केली की मराठीतील अर्धवट वाक्याचा संशय हिंदीत खात्री होऊन बसतो. आपला ‘बांध’ तसाच घसरला. कागदावर ‘शेतातील मातीचा बांध, धरण नव्हे’ असे लिहिलेले असते, तर पट्टी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेच आले असते.

आकडे अक्षरांतही लिहावेत. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत धावत्या वाचनात मराठी निवेदकही चुकतात, आणि हिंदीत ‘उनसठ’ व ‘उनहत्तर’ यांचे तेच आहे.

मंजिरी_धाराशिव

सर्वांच्या सूचना घेऊन पुन्हा लिहिले आहे. आकडे सरावाचेच आहेत.

तथ्यांचा कागद: मृत ३, बेपत्ता २. स्रोत जिल्हा नियंत्रण कक्ष. क्षेत्र धाराशिव जिल्हा. मुदत या पुराचे तीन दिवस. वेळ सायंकाळी ५. मृत जनावरे ४०, तहसील कार्यालय, पंचनामे अपूर्ण. बांध म्हणजे शेतातील मातीचे बांध, सर्व धरणे सुरक्षित (पाटबंधारे कार्यालयाशी ५.२० ला बोलणे झाले).

मराठी: ‘आज सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत धाराशिव जिल्ह्यातील १८ महसूल मंडळांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला. या पुरात तीन दिवसांत तीन जणांचा मृत्यू झाला असून दोन जण बेपत्ता आहेत, अशी माहिती जिल्हा नियंत्रण कक्षाने सायंकाळी पाच वाजता दिली. तहसील कार्यालयाच्या प्राथमिक माहितीनुसार चाळीस जनावरांचाही मृत्यू झाला. धाराशिव जिल्ह्यातील वाशी आणि कळंब तालुक्यांत शेतांचे मातीचे बांध वाहून गेले आहेत. जिल्ह्यातील धरणे सुरक्षित असल्याचे पाटबंधारे अधिकाऱ्यांनी सांगितले. पंचनाम्यानंतर पात्र शेतकऱ्यांना निकषांनुसार मदत देण्याचे आश्वासन पालकमंत्र्यांनी दिले.’

हिंदी: ‘महाराष्ट्र के धाराशिव ज़िले में बाढ़ से तीन दिन में तीन लोगों की मौत हुई है और दो लोग लापता हैं। यह जानकारी ज़िला नियंत्रण कक्ष ने शाम पाँच बजे दी। तहसील कार्यालय के शुरुआती आकलन में चालीस मवेशियों के मरने की बात है। इसी ज़िले की वाशी और कलंब तहसीलों में खेतों की मेड़ें बह गई हैं। सिंचाई अधिकारियों के मुताबिक ज़िले के सभी बाँध सुरक्षित हैं। प्रभारी मंत्री ने भरोसा दिया है कि पंचनामे के बाद पात्र किसानों को नियमों के मुताबिक मदद दी जाएगी।’

हिंदीत पावसाचे वाक्य काढले, कारण तिथे लोकांना काय झाले हे आधी कळायला हवे असे वाटले. ‘पालक मंत्री’ ऐवजी ‘प्रभारी मंत्री’ केले.

जुना_डेस्क

पुष्कळ चांगले झाले आहे. पट्टीसाठी हिंदीत ‘बाँध सुरक्षित, खेतों की मेड़ें बहीं’ असे तयार ठेवावे, म्हणजे कोणी कापले तरी उलटा अर्थ उरत नाही. एक सूचना आणखी: साडेसातच्या आधी नियंत्रण कक्षाला पुन्हा फोन करावा. आकडा बदलला तर हिंदीत नवी वेळ घालावी. सातचे मराठी बातमीपत्र पाहिलेल्या माणसाला मग आकडा वेगळा का आहे ते वेळेवरून कळेल.

सोयाबीन_भूम

‘पंचनाम्यानंतर’ हा शब्द तुम्ही घातला ते बरे केले, ताई. मी तो ऐकला असता तर बँकेत गेलो नसतो, तलाठ्याकडे गेलो असतो.

मंजिरी_धाराशिव

दादा, हे तुमच्याकडून ऐकायला मिळाले हे माझ्यासाठी मोलाचे आहे. एक शंका उरते. आपल्याकडून सीनेत वाहून गेलेला माणूस खाली सोलापूर जिल्ह्यात, करमाळा किंवा माढ्याच्या हद्दीत सापडला, तर तो मृत्यू कोणत्या जिल्ह्याच्या आकड्यात धरायचा? आमच्याकडे तो बेपत्ता म्हणूनच राहतो आणि तिकडे मृत म्हणून येतो. बातमीत मग एकच माणूस दोनदा मोजला जातो.

मांजराकाठ

मृतदेह जिथे सापडतो तिथल्या पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि शवविच्छेदनही तिथेच होते. वारसांच्या मदतीचा प्रस्ताव मात्र तो जिथला रहिवासी असेल तिथून गेलेला मी पाहिला आहे. अहवालात तो कोणत्या रकान्यात बसला, हे प्रत्येक वेळी सारखे नव्हते.

जुना_डेस्क

माझ्या मते दोन्ही जिल्ह्यांचे आकडे एका वाक्यात कधीही आणू नयेत, आणि बेपत्तांची नावे डेस्कवर लिहून ठेवावीत. ती प्रसारित करायची नसतात, खालच्या जिल्ह्यातून मृतदेहाची ओळख पटल्याची बातमी आली की आपल्या यादीतील नाव खोडण्यासाठी ती लागतात. काकांचे म्हणणे वेगळे असल्यास सांगावे.

मांजराकाठ

नावांची यादी ठेवावी हे पटते. पण बेपत्तांच्या यादीतून नाव आपण मनाने खोडू नये, आपल्या तहसीलदारांनी ते खोडेपर्यंत थांबावे. नातेवाइकांनी कपड्यांवरून पटवलेली ओळख चुकलेली मी एकदा पाहिली आहे.

मंजिरी_धाराशिव

मग खालच्या जिल्ह्यातून बातमी आली आणि आपल्या तहसीलदारांचा फोन लागत नसेल, तर साडेसातला मी ‘दो लोग लापता’ हेच वाचायला देईन आणि पुढे ‘शाम पाँच बजे तक’ हे शब्द ठेवीन. अद्याप याहून बरे मला सुचलेले नाही.